रंग उडालेल्या, डाग पडलेल्या, चिकटलेल्या गोळ्या : डब्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं

घरच्या डब्यातली गोळी डोळ्यांनी तपासता येते, पण ही तपासणी एकाच बाजूने खरी ठरते. गोळी बिघडलेली दिसली तर ती टाकायची, इतकं डोळे सांगतात. चांगली दिसते म्हणून ती चांगलीच आहे, हे ते सांगू शकत नाहीत. बरीच औषधं रंगरूप न बदलता आतून कमजोर होतात. म्हणून आधी पाकीट आणि तारीख बघायची, मग गोळी. गावातल्या घरांत हे नेमकं उलट होतं. गोळी हातावर घेतात, 'बरी दिसते' म्हणतात आणि गिळतात.

विदर्भात हा प्रश्न जरा जास्तच येतो. बहुतेक पाकिटांवर '30 अंशांखाली ठेवा, उजेड व ओलाव्यापासून जपा' असं छापलेलं असतं. इकडे अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि टिनाच्या पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त तापतं. औषध बाजारात येण्याआधी 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून त्याची चाचणी होते, म्हणून एखाद्या तापलेल्या आठवड्याने लगेच सगळं वाया जात नाही. मात्र ती चाचणी बंद पाकिटात होते. स्ट्रिप फाडून पन्नीत बांधलेल्या गोळ्यांना ती लागू पडत नाही.

कूलरचं कोणाच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून गोळ्या तेव्हा चिकटणार नाहीत, असं वाटतं. पण कूलर लावलेल्या खोलीत दिवसभर ओली हवा फिरत असते आणि घरातला माणूस तिथेच झोपतो म्हणून औषधांचा डबाही तिथेच असतो. कूलरच्या तोंडासमोरच्या आलमारीत ठेवलेल्या गोळ्या नवतपातच चिकटतात, पावसाळ्याची वाट पाहत नाहीत.

तपासणी कशी करायची

दिवसा, खिडकीजवळ किंवा ओसरीत बसा. पिवळ्या बल्बखाली पिवळे डाग दिसत नाहीत. हात कोरडे करा, पांढरा कागद किंवा स्टीलचं ताट घ्या आणि डबा त्यावर रिकामा करा. मुलं आणि कोंबड्या दूर ठेवा.

आधी दोन ढीग करा. एकीकडे ज्यांचं नाव आणि तारीख वाचता येते त्या स्ट्रिपा आणि बाटल्या. दुसरीकडे सुट्या गोळ्या, कागदाच्या पुडीतल्या गोळ्या आणि कापलेल्या स्ट्रिपांचे तारीख नसलेले तुकडे. मेडिकलवाला चार गोळ्या कापून देतो तेव्हा तारीख बहुधा उरलेल्या तुकड्यावर राहते, हे आपल्याकडे रोजचं आहे. या दुसऱ्या ढिगातल्या गोळ्या कितीही चकचकीत असोत, ओळख आणि तारीख नसलेली गोळी घ्यायची नाही. इथे रूप बघायची गरजच नाही. अर्धा डबा बहुधा याच पायरीला रिकामा होतो.

तारीख वाचताना एक लक्षात ठेवा. पाकिटावर 08/2026 असेल तर ते औषध ऑगस्ट 2026 च्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. मात्र ही तारीख सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या, बंद पाकिटातल्या औषधाची असते. बाटली उघडली की तिची खात्री कमी होते.

मग पहिल्या ढिगातल्या गोळ्या एकेक बघा. रंग पूर्ण गोळीचा सारखा बदललाय की ठिपके, डाग पडलेत? कडा झिजून भुगा होतोय का? आवरण फुगलंय, तडकलंय, सोललंय का? गोळ्या एकमेकींना किंवा स्ट्रिपच्या प्लास्टिकला चिकटल्यात का? शेवटी बाटली उघडून वास घ्या, पण नाक आत खुपसू नका. हाताने हवा आपल्याकडे ओढून घ्या. चव बघायची नाही.

स्ट्रिपमधली एकच गोळी डागाळलेली असेल तर स्ट्रिप उजेडाकडे धरून त्या खणाची पन्नी बघा. बहुतेक वेळा तिथे सुईएवढं भोक किंवा घडीवर पडलेली चीर सापडते. ओलावा त्या एकाच खणात शिरलेला असतो. बाकीचे खण घट्ट असतील, गोळ्या स्वच्छ असतील आणि तारीख शिल्लक असेल, तर त्या चालतात. भोक कुठेच नसताना सगळ्याच गोळ्या पिवळट किंवा ठिपकेदार झाल्या असतील, तर ते काम उष्णतेचं किंवा प्लास्टिकमधून झिरपलेल्या ओलाव्याचं. पारदर्शक प्लास्टिकच्या स्ट्रिपमधून थोडा ओलावा हळूहळू आत जातोच. म्हणून ओल्याने लवकर बिघडणाऱ्या गोळ्या दोन्ही बाजूंनी जाड ॲल्युमिनियमच्या स्ट्रिपमध्ये येतात.

रंग फिका होणं आणि डाग पडणं

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गोळीवरचा लाल, नारिंगी, निळा रंग बहुधा आवरणातला असतो, औषधाचा नसतो. खिडकीकडे असलेल्या बाजूने गोळी फिकी आणि मागून गडद असेल, तर उजेडाने आवरणाचा रंग खाल्ला. आतलं औषध कदाचित शाबूत असेल. पण जो उजेड आवरणापर्यंत पोचला तो गोळीपर्यंतही पोचला, आणि बीपीची काही औषधं उजेडाला फार हळवी असतात. निफेडिपिन त्यातलं नामांकित. त्यामुळे एकसारखी फिकी झालेली गोळी विष झाली असं मानू नका, पण ती बदलून घ्या.

डाग म्हणजे आत काहीतरी घडलंय. पांढऱ्या गोळीवर तपकिरी ठिपके, पिवळे ढग, काळसर बुरशी किंवा पृष्ठभागावर आलेले सुईसारखे बारीक स्फटिक, यातलं काहीही दिसलं तर ती टाकायची. त्यावर वाद घालायचा नाही.

बिघाडासारखं दिसणारं पण बिघाड नसलेलंही एक कारण आहे. मागच्या महिन्यात गोळी गुलाबी होती, या महिन्यात पांढरी आहे, तर बहुधा कंपनी बदललेली असते. जनऔषधीतून घेतलेल्या गोळीचा रंग आणि आकार वेगळा असू शकतो. पाकिटावर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम जुळवून बघा. जुळत असेल तर चिंता नको. मेटफॉर्मिनच्या नव्या गोळ्यांनाही कधी कधी माशासारखा वास येतो. तेवढ्या वासावरून ती बिघडली असं ठरत नाही.

एका डब्याची तपासणी

कापसाचं शेत, घरात आजी-आजोबा, टिनाचं छप्पर, असं वर्धा जिल्ह्यातलं एक घर समजा. बिस्किटाच्या जुन्या डब्यात निघालेलं एकेक औषध बघू.

पहिली, आजोबांची ॲस्पिरिन 75 मिलिग्रॅम. दोन वर्षांपूर्वी हृदयाचा झटका आला तेव्हापासून रोज एक. गोळ्या स्ट्रिपमधून काढून प्लास्टिकच्या बाटलीत भरलेल्या, कारण बोटांनी स्ट्रिप फोडवत नाही. झाकण उघडताच शिरक्यासारखा आंबट वास आला. काही गोळ्यांचं आवरण तडकलेलं, एकदोन एकमेकींना चिकटलेल्या.

रूपावरून पक्कं निदान होतं असं हे मोजक्या औषधांपैकी एक, म्हणून इथे थोडं थांबू. ॲस्पिरिनच्या रेणूला ॲसिटिलचा एक तुकडा जोडलेला असतो. ओलावा लागला की तो तुकडा सुटतो आणि त्याचं ॲसिटिक आम्ल होतं, म्हणजे शिरक्यातलंच आम्ल. वास त्याचाच. मागे उरतं ते सॅलिसिलिक आम्ल, आणि साध्या, आवरण नसलेल्या गोळीवर कधी कधी तेच सुईसारख्या स्फटिकांच्या रूपात वर येतं. अडचण अशी की रक्तातल्या गुठळ्या रोखायचं काम त्या सुटलेल्या ॲसिटिल तुकड्याचं होतं. तो गेला की गोळी पोट जाळते, पण हृदयासाठी ज्या कामाला दिली ते करत नाही. आजोबा रोज न चुकता गोळी घेतात आणि तरी त्यांचं संरक्षण कमी होत जातं. बाहेरून कोणाला कळत नाही.

बाटली पूर्ण टाकायची. 'वास नसलेल्या निवडून ठेवू' असं करायचं नाही, कारण त्या सगळ्या एकाच हवेत होत्या. मात्र हृदयाची गोळी बंद पडू द्यायची नाही. त्याच दिवशी नवी स्ट्रिप आणायची. बोटांनी फुटत नसेल तर घरातल्या कोणीतरी रोज सकाळी एक काढून द्यायची.

दुसरं, नातवाच्या घशासाठी आणलेल्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या चार गोळ्या. स्ट्रिप अर्धवट उघडी, गोळ्यांवर पिवळे-तपकिरी डाग. आजी म्हणते, "थोडीशी त पिवळी झाली, का होते तिले?" या गोळीत दोन औषधं असतात. काही जंतू अमॉक्सिसिलिन फोडून टाकणारा पदार्थ तयार करतात आणि क्लॅव्ह्युलॅनेट त्या पदार्थाला अडवतं. ओलाव्याने आधी मोडतं ते क्लॅव्ह्युलॅनेटच. मग ज्या जंतूंसाठी ही महागडी गोळी लिहून दिली, त्यांच्यावरच ती चालत नाही. आजाऱ्याला 'ॲन्टिबायोटिक चालू आहे' असं वाटतं आणि ताप उतरत नाही. डाग नसते तरीही या गोळ्या ठेवायच्या नव्हत्या. उरलेलं ॲन्टिबायोटिक पुढच्या तापासाठी जपून ठेवायचं नसतं, कोर्स पुरा करायचा असतो.

तिसऱ्या, सुनेच्या गरोदरपणातल्या आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या. प्रत्येकीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. कागदाच्या पुडीत ठेवलेल्या, पावसाळ्यात त्यांचं साखरेचं आवरण ओलं होऊन सगळ्या मिळून एक गठ्ठा झालाय. एक फोडली तर आत तपकिरी. विळ्यावर गंज चढतो तसंच इथे होतं. अंगाला लागणारं लोह हवा-पाण्याने दुसऱ्या रूपात जातं आणि ते रूप शरीर कमी शोषतं. गठ्ठा झालेल्या गोळ्या टाकायच्या आणि उपकेंद्रातून नव्या मागायच्या. त्या मोफत मिळतात, लाजायचं कारण नाही.

या लाल गोळ्यांची मला बिघाडापेक्षा दुसरी भीती जास्त वाटते. त्या गोड आणि चकचकीत असतात आणि रांगणारं मूल त्या चॉकलेट समजून मूठभर खाऊ शकतं. लहान मुलाच्या पोटात लोह जास्त गेलं तर जीव जाऊ शकतो, मग गोळी जुनी असो वा नवी. असं झालं तर 'उलटी झाली, बरा झाला' म्हणून घरी थांबायचं नाही, कारण काही तास बरं वाटून पुन्हा बिघडू शकतं. 108 लावायचा आणि गोळ्यांची पुडी सोबत न्यायची.

चौथी, आजीची थायरॉइडची शंभर गोळ्यांची बाटली. गोळ्या पांढऱ्याशुभ्र, वास नाही, डाग नाही, तारीखही पुढच्या वर्षीची. पण बाटली चार महिन्यांपासून चुलीजवळच्या देवळीत होती. डोळे 'चांगली' म्हणतील, आणि इथेच डोळे फसतात. थायरॉइडच्या गोळीत औषध काही मायक्रोग्रॅमच असतं आणि ते उष्णता, उजेड, ओलावा तिन्हींना हळवं. रूप न बदलता ते कमी होतं. बाटलीवर जास्तीत जास्त किती तापमान लिहिलंय ते वाचा आणि जागेशी जुळवा. चुलीजवळची देवळी त्यात बसत नाही. नवी बाटली घ्यायची. आजीला अलीकडे सुस्ती, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ वाढलं असेल तर डॉक्टरांना 'गोळ्या तापत होत्या' हे सांगायचं. नाहीतर ते मात्रा वाढवतील आणि नव्या, पूर्ण ताकदीच्या गोळ्यांवर ती जास्त होईल.

पाचवी, जिभेखाली ठेवायची सॉरबिट्रेट. आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात, कापलेल्या स्ट्रिपचा तुकडा, तारीख नाही. खिशातली ऊब आणि घाम सोसलेली ही गोळी दिसायला ठीक आहे. छातीत दुखतानाच तिची परीक्षा होणार आणि ती परीक्षा आजोबांवर घेता येत नाही. हा तुकडा टाकून, तारीख दिसेल असा नवा तुकडा कापून मागायचा. छातीत दुखलं तर गोळीवर विसंबून बसायचं नाही, 108 लगेच.

डब्याच्या तळाशी कॅप्सूल निघाल्या, मऊ पडून एकमेकींना चिकटलेल्या. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं, ते ओल्या हवेत मऊ होतं आणि फार कोरड्या हवेत तडकतं. दोन्ही टाकायच्या. त्यात जुनी टेट्रासायक्लिन असेल आणि आतली पिवळी पूड तपकिरी झाली असेल, तर जास्त सावध व्हा. बहुतेक शिळ्या गोळ्या फक्त निकामी होतात, पण बिघडलेल्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी 1963 पासून आहेत.

चुकून घेतली गेली तर

फिकी किंवा थोडी चिकट एखादी गोळी मोठ्या माणसाने गिळली, तर बहुतेक वेळा काहीही होत नाही. उलटी काढायचा प्रयत्न करू नका. पाकीट सांभाळा, पुरळ, सततची उलटी, लघवी कमी होणं यावर लक्ष ठेवा आणि काही वाटलं तर 104 वर आरोग्य सल्ला विचारा.

खरा धोका बऱ्याचदा उलट दिशेचा असतो. मिरगी, हृदय, बीपी, साखर यांची गोळी बिघडलेली वाटली म्हणून टाकली आणि बाजाराच्या दिवसापर्यंत दुसरी आणलीच नाही, असं होतं. मिरगीची गोळी अचानक बंद झाली तर झटके येऊ शकतात. रात्रीची वेळ आहे, मेडिकल बंद आहे, गोळीचा रंग फक्त फिका झालाय, पाकीट अखंड आणि तारखेत आहे, तर माझ्या मते ती रात्रीची मात्रा घ्यावी आणि सकाळी बदलावी. डाग, वास, चिकटपणा असेल तर घेऊ नका, 104 ला विचारा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

गोळी नुकतीच आणली, पाकीट अखंड, तरी आतून डागाळलेली निघाली, तर ती फेकू नका. बॅच नंबर दिसेल अशी पूर्ण स्ट्रिप आणि बिल घेऊन मेडिकलमध्ये दाखवा. तिथे टोलवाटोलवी झाली तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते. बिल नसेल तर हे सगळं अवघड होतं, म्हणून दहा रुपयांच्या गोळीचंही बिल मागावं.

ठेवायचं कुठे

मातीच्या भिंतीचं घर असेल तर मधल्या खोलीतली, पत्र्यापासून दूर असलेली खालची फळी सर्वांत थंड असते. टिनाच्या घरात जमिनीलगत, चुलीच्या आणि कूलरच्या विरुद्ध कोपऱ्यात. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या आणि कुलूप लागेल अशा पेटीत ठेवा, म्हणजे मुलंही दूर राहतात. गोळ्या स्ट्रिपमध्येच असू द्या. बाटलीसोबत आलेली सिलिकाची पुडी आत ठेवा, पण वर ठेवलेला कापूस उघडल्यावर काढून टाका, तो ओलावा धरतो. तांदूळ, मीठ टाकू नका.

साध्या गोळ्या फ्रिजमध्ये ठेवायचा मोह होतो. पण बाहेर काढल्या की थंड बाटलीच्या आत दव धरतं आणि रोज हेच झालं तर गोळ्या फ्रिजमुळेच चिकटतात. लाइट गेली की फ्रिजही उपयोगाचा राहत नाही. इन्सुलिनसारखं '2 ते 8 अंश' लिहिलेलं औषधच त्यात ठेवा. वर्षातून दोनदा, नवतपा संपल्यावर आणि पोळ्याच्या सुमारास, वरची तपासणी करा. नवी स्ट्रिप कापताना तारखेच्या बाजूचा तुकडा शेवटपर्यंत राहील अशा बेताने दुसऱ्या टोकापासून गोळ्या काढा.

टाकायच्या कशा

शेणखताच्या ढिगावर, नाल्यात किंवा चुलीत नाही. गोळ्या स्ट्रिपमधून काढून ओली राख किंवा चहाच्या चोथ्यात कालवा, म्हणजे कोणी उचलून खाणार नाही. मग पन्नीत घट्ट बांधून ग्रामपंचायतीच्या कचऱ्यात टाका. गाडी येत नसेल तर आशाताईंना किंवा केंद्रातल्या औषधवाटप करणाऱ्याला विचारा. रिकाम्या स्ट्रिपवरचं नाव खोडून मग टाका.

दुखण्याच्या जुन्या गोळ्या गाई-म्हशींना चारणं हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे. त्यात डायक्लोफेनॅक असेल तर फार वाईट. जनावरांसाठी त्यावर 2006 मध्ये बंदी आली. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडतात. गडचिरोलीत उरलेली गिधाडं वाचवायचं काम वन विभागाने चालवलंय. तिकडच्या गोठ्यात तर ही गोळी, ताजी असो की शिळी, पोचूच देऊ नका.